साडेअकराचे रोखे नऊ टक्क्यांनी फेडावेत का?

फेब्रुवारी ते जून 2025 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर 6.50 वरून 5.50 टक्क्यांवर आणला. त्या उन्हाळ्यात बुटीबोरीच्या एका कारखान्याच्या हिशेब विभागात आम्ही एक जुनी फाईल उघडून बसलो होतो. आकडे इथे थोडे गोल करून देते. कंपनीने पूर्वी 40 कोटींचे रोखे विकले होते, व्याज साडेअकरा टक्के, मुदत अजून पाच वर्षं बाकी. आता नऊ टक्क्यांनी पैसे मिळत होते.

"मॅडम, वर्षाला एक कोटी वाचतात, पाच वर्षांत पाच कोटी. अजून काय पाहायचं?" हिशेब प्रमुखांनी विचारलं.

सर्वांत आधी पाहायचा तो करारनामा. रोखे मुदतीपूर्वी परत घेण्याचा हक्क, म्हणजे कॉल ऑप्शन, त्यात लिहिलेला असेल तरच ही चर्चा. इथे तो होता, पण परत घेताना मुद्दलावर चार टक्के जादा द्यायचे होते. हा कॉल प्रीमियम. तो मला अन्यायाचा वाटत नाही. एखाद्या भविष्यनिर्वाह निधीने पाच वर्षं साडेअकरा टक्के मिळतील या भरवशावर पैसे गुंतवलेले असतात आणि व्याजदर उतरल्यावर नेमके तेव्हाच ते परत हातात पडतात. आता त्यांना नऊ टक्क्यांवर समाधान मानावं लागणार, म्हणून ही भरपाई.

चाळीस कोटींवर चार टक्के म्हणजे 1.60 कोटी. नवे रोखे काढायला पतमानांकन, विश्वस्त, वकील, मुद्रांक, मध्यस्थ असा सगळा खर्च धरून 50 लाख. तिसरा खर्च बरेच जण विसरतात. परतफेडीची सूचना रोखेधारकांना किमान 21 दिवस आधी द्यावी लागते, आणि ती दिल्यावर ऐनवेळी पैसे नाहीत असं म्हणता येत नाही. म्हणून नवे पैसे आधी उभारायचे. साधारण महिनाभर दोन्ही रोख्यांचं व्याज चालू राहतं. मधल्या काळात ते पैसे बँकेत ठेवून थोडं मिळतं, ते वजा जाता 20 लाखांचा भुर्दंड. एकूण 2.30 कोटी, आणि ते आजच द्यायचे.

बचत मात्र हप्त्याहप्त्याने येणार. नऊ टक्क्यांच्या हिशेबाने पुढच्या वर्षीच्या रुपयाची आजची किंमत 92 पैसे, पाचव्या वर्षीच्या रुपयाची 65 पैसे. पाचही वर्षांची बेरीज केली की पाच कोटींचे 3.89 कोटी उरतात. त्यातून 2.30 गेले, निव्वळ फायदा 1.59 कोटी. कर धरला तर दोन्ही बाजू कमी होतात आणि आकडा थोडा उतरतो, पण उत्तर तेच राहतं.

इथे नऊच टक्के का? कंपन्या नव्या यंत्राचा फायदा तपासताना चौदा-पंधरा टक्के लावतात, कारण यंत्र चालेल की नाही, माल खपेल की नाही याची खात्री नसते. व्याजातली बचत करारानेच ठरलेली आहे. म्हणून तिला नव्या कर्जाचाच दर लावायचा.

मग मी हिशेब उलटा केला. नवा दर किती असता तर हातात काहीच उरलं नसतं? उत्तर जवळपास दहा टक्के आलं. म्हणजे अडीच टक्क्यांच्या घसरणीतला पहिला दीड टक्का फक्त खर्च भागवण्यातच जातो.

"मग अजून वर्षभर थांबलो तर? दर आठवर आला तर?" त्यांचा हा प्रश्न खरा जोखायचा होता. करारानुसार वर्षाने प्रीमियम चारचा तीन टक्के होणार होता, म्हणजे खर्च 1.90 कोटी. दर आठ झाला तर उरलेल्या चार वर्षांत मिळणारा फायदा, आजच्या किमतीत, सुमारे 2.50 कोटी. पण दर दहावर चढला तर फायदा शून्य. दोन्ही शक्यता सारख्याच धरल्या तर सरासरी सव्वा कोटी, आजच्या 1.59 पेक्षा कमी. थांबण्यात यंदाची एक कोटीची बचत हातची जाते, ती भरून निघत नाही. दर आठावर येण्याची शक्यता साधारण 63 टक्क्यांपर्यंत धरली तरी पारडं आजच्या बाजूलाच झुकतं. त्याहून जास्त खात्री असेल तरच थांबावं.

जुने रोखे काढताना झालेला, पुस्तकात अजून पूर्ण न उतरलेला खर्च त्यांना फार सलत होता. "तो आता एकदम बुडीत दाखवावा लागेल ना?" हो, त्या वर्षीचा नफा तेवढा कमी दिसेल. पण ते पैसे केव्हाच दिलेले आहेत. जुने रोखे ठेवले तरी ते परत येत नाहीत, त्यामुळे या निर्णयात त्यांना जागा नाही.

मध्यस्थाने आणलेल्या तक्त्यात मात्र फायदा जवळजवळ दुप्पट दिसत होता. बारकाईने पाहिलं तेव्हा कळलं की नवे रोखे आठ वर्षांचे होते आणि बचतही आठ वर्षं मोजली होती. जुनं कर्ज तर पाच वर्षांतच संपणार, सहाव्या वर्षी तुलनेला साडेअकरा टक्के आहेत कुठे? ती तीन वर्षं खोडली आणि नव्या रोख्यांची मुदतही पाच वर्षांचीच ठेवायला सांगितली.