एका बैठकीच्या खोलीचे पाच रंग

घरातील प्रत्येकाला वेगळा रंग आवडतो तेव्हा बैठकीच्या खोलीची चर्चा बहुधा निळा की पिवळा, हिरवा की पांढरा या प्रश्नावर अडते. रंगशास्त्राच्या दृष्टीने हा प्रश्न अपुरा आहे. कोणत्याही रंगाला तीन स्वतंत्र गुण असतात आणि अमेरिकन चित्रकार व शिक्षक अल्बर्ट मन्सेल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी याच तीन गुणांवर आपली रंगपद्धती उभी केली. पहिला गुण म्हणजे रंगाची जात, म्हणजे तो निळा आहे, हिरवा आहे की तांबडा. दुसरा त्याचा उजळपणा आणि तिसरा भडकपणा. घरातले वाद जवळजवळ नेहमी जातीवरून होतात. खोलीत वर्षानुवर्षे बसताना डोळ्यांना सुख वाटते की शीण येतो, हे मात्र बऱ्याच अंशी उरलेल्या दोन गुणांवर ठरते आणि त्यांवर एकमत होणे तुलनेने सोपे असते.

फोंडा तालुक्यातील एका परिचित कुटुंबाचे उदाहरण घेऊ. चिऱ्यांच्या जाड भिंतींचे जुने घर, सोळा फूट लांब आणि बारा फूट रुंद बैठकीची खोली, उत्तरेकडे दोन खिडक्या, पश्चिमेला बल्कांवात उघडणारे दार, खाली गुळगुळीत तांबड्या ऑक्साइडची जमीन आणि बसायला फणसाच्या लाकडाचे जुने बाकडे. आजींना हळदीसारखा पिवळा हवा होता, वडिलांना आकाशी, आईला स्वच्छ पांढरा, मुलीला गडद हिरवा आणि मुलाला कोळशाच्या जवळ जाणारा राखाडी. खोली सर्वांची होती आणि चवथीला गणपतीही तिथेच बसत असे, त्यामुळे कोणा एकाच्या पसंतीवर निर्णय सोपवणे कोणालाच मान्य नव्हते.

माणसाला एखादा रंग का आवडतो, याविषयी बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील स्टीफन पामर आणि कॅरन श्लॉस यांनी २०१० साली एक सिद्धान्त मांडला. ज्या वस्तू आपल्याला प्रिय असतात त्यांचे रंग आपल्याला आवडू लागतात आणि ज्या वस्तू नकोशा वाटतात त्यांचे रंग नावडते होतात, असे त्यांच्या प्रयोगांतून दिसले. हे बरोबर असेल, तर आवडीचे मूळ वस्तूंशी जोडलेले आहे आणि तो रंग चार भिंतींवर पसरवल्याने आवड पूर्ण होईलच असे नाही. म्हणूनच मला वाटते की प्रत्येकाचा लाडका रंग उशी, पडदा, गालिचा, चित्राची चौकट अशा वस्तूंतून खोलीत यावा आणि भिंतींचा रंग प्रकाशाच्या हिशेबाने ठरावा.

हा हिशेब समजण्यासाठी भिंतीवर पडलेल्या प्रकाशाचे पुढे काय होते ते पाहावे लागते. दुकानातल्या छोट्या कार्डावरून प्रकाश एकदाच परावर्तित होऊन डोळ्यात येतो. खोलीत मात्र तो एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर, तिथून तिसऱ्या भिंतीवर जातो आणि प्रत्येक वेळी रंगद्रव्य त्यातला आपला वाटा शोषून घेते. समजा, आजींचा गडद पिवळा रंग पिवळ्या प्रकाशाचा ८० टक्के आणि निळ्या प्रकाशाचा ४० टक्के भाग परत पाठवतो. पहिल्या परावर्तनानंतर पिवळा प्रकाश निळ्याच्या दुप्पट असतो. दुसऱ्यानंतर हे आकडे ६४ आणि १६ होतात, म्हणजे चौपट, आणि तिसऱ्यानंतर साधारण ५१ आणि ६, म्हणजे आठपट. कार्डावर प्रसन्न वाटलेला पिवळा चारही भिंतींवर लावल्यावर अंगावर येतो, त्याचे कारण हे आहे. याउलट, पिवळ्याचा ८० आणि निळ्याचा ७० टक्के भाग परत पाठवणाऱ्या फिक्या क्रीम रंगात तिसऱ्या परावर्तनानंतरही हे प्रमाण केवळ दीडपटीच्या आसपास राहते. चारही भिंतींना एकच रंग द्यायचा असेल तर कार्डावर जो जवळजवळ बेरंग वाटतो, तोच बहुधा योग्य निघतो, असे मी अनेकांना सांगत आलो आहे.

तांबड्या जमिनीचाही यात मोठा वाटा असतो. दुपारनंतर पश्चिमेच्या दारातून आलेले ऊन त्या जमिनीवर पडले की तांबूस प्रकाश भिंतींच्या खालच्या भागावर चढतो. आईला हवा असलेला निळसर झाक असलेला पांढरा तिथे गुलाबी दिसतो आणि वर निळसर राहतो, त्यामुळे भिंत डागाळल्यासारखी वाटते. गडद हिरव्याची अडचण निराळी आहे. परस्परविरोधी रंग शेजारी आले की ते एकमेकांना अधिक भडक करून दाखवतात, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेवरल यांनी पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत काम करताना अभ्यासले आणि १८३९ साली पुस्तकरूपाने मांडले. तांबडी जमीन आणि हिरव्या भिंती हे नेमके तसे जोडपे आहे. त्यामुळे रंग निवडताना कोऱ्या कागदापासून सुरुवात न करता जमीन, दारे आणि लाकूड यांसारख्या न बदलणाऱ्या गोष्टी आधी मांडून घ्याव्यात.

त्या कुटुंबाने तसेच केले. प्रत्येकाने आपल्या पसंतीच्या जातीतली फिकी, मध्यम आणि गडद अशी तीन कार्डे आणली. ती सारी जमिनीच्या एका तुकड्याशेजारी उभी करून मोबाइलवर त्यांचे छायाचित्र काढले आणि ते कृष्णधवल केले. जात आणि भडकपणा निघून गेल्यावर उरला तो उजळपणा, आणि पाच जणांची पाच फिकी कार्डे एकमेकांच्या अगदी जवळ आहेत हे सर्वांना दिसले. कॅमेऱ्याचे मोजमाप काटेकोर नसते, पण या कामाला पुरते. अधिक खात्री हवी असेल तर अनेक कंपन्यांच्या रंगपत्रिकेत प्रत्येक छटेचा ‘एलआरव्ही’ हा आकडा मिळतो. रंग पडलेल्या प्रकाशापैकी किती टक्के परत पाठवतो, ते त्यावरून कळते. छताला ८० किंवा अधिक आणि भिंतींना ५० ते ७५ हा सर्वसाधारण खोलीसाठी सोयीचा पल्ला आहे. मुलाच्या गडद राखाडीचा आकडा १५ च्या आसपास होता, म्हणजे शंभरातील पंच्याऐंशी भाग प्रकाश भिंतीतच संपणार होता. आषाढातल्या ढगाळ दुपारी, वर्षाच्या त्या सर्वांत अंधाऱ्या दिवसांत, अशा खोलीत दिवसाही दिवे लावावे लागले असते.

उजळपणाचा प्रश्न आजींच्या बाबतीत अधिक महत्त्वाचा होता. वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळसर होत जाते, निळा प्रकाश कमी आत येतो आणि एकूण प्रकाशाची गरज वाढते. वृद्ध माणसाला गडद निळा आणि काळा किंवा फिका निळा आणि फिका हिरवा यांतला फरक तरुणाइतका स्पष्ट दिसत नाही. नातीला नाजूक वाटणारा निळा-हिरवा भेद आजींना कदाचित दिसणारच नाही, पण भिंत आणि दाराची चौकट यांच्या उजळपणातील फरक दिसेल, आणि घरात सुरक्षित वावरायला तोच उपयोगी पडतो.

यानंतर पसंतीचे मतदान घेण्याऐवजी प्रत्येकाने रोज डोळ्यांसमोर मुळीच नको असलेली कार्डे बाजूला काढली. माझ्या मते सामाईक खोलीसाठी ही पद्धत अधिक न्याय्य आहे, कारण बहुमताने निवडलेला रंग एखाद्याला रोज खुपत राहू शकतो, तर कोणीही न नाकारलेल्या रंगाबरोबर सगळे नांदू शकतात. उरलेल्या कार्डांपैकी साधारण ७० एलआरव्हीचा, पिवळ्या मातीकडे झुकणारा क्रीम तीन भिंतींसाठी ठरला. त्यात खिडक्यांची भिंतही होती. खिडकीभोवतीची भिंत गडद असेल तर बाहेरचा उजेड आणि भिंत यांतला विरोध वाढून डोळे दिपतात, म्हणून ती फिकी ठेवणे आवश्यक होते. टीव्हीच्या भिंतीला राखाडी-हिरवा मिळाला, एलआरव्ही सुमारे ४५. त्यात मुलीचा हिरवा आणि मुलाचा राखाडी दोन्ही होते, भडकपणा कमी असल्यामुळे जमिनीशी झगडा नव्हता आणि रात्री उजळ पडद्यामागे अगदी काळोखी भिंतही आली नाही. छत आणि चौकटी आईच्या पांढऱ्यातल्या, पण किंचित उबदार. आकाशी पडद्यांत आला आणि हळदी पिवळा आजींच्या बाकड्यावरच्या गादीत.

निर्णय पक्का करण्यापूर्वी दोन फूट चौकोनी फळ्यांवर दोन-दोन हात रंग लावून, कडेला पांढरी पट्टी सोडून, त्या फळ्या प्रत्येक भिंतीपाशी उभ्या ठेवून पाहिल्या. सपाट मेजावर ठेवलेला नमुना फसवतो, कारण त्यावर छताकडचा प्रकाश पडतो. सकाळ, दुपार आणि दिवे लागल्यानंतर अशा तिन्ही वेळी पाहणे आवश्यक असते. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या दिव्यात राखाडी-हिरवा निळसर थंड दिसला, तर २७०० केल्विनच्या पिवळसर दिव्यात क्रीम अधिकच पिवळा झाला. शेवटी त्यांनी खोलीतले सारे दिवे ४००० केल्विनच्या आसपासचे घेतले. रंग ठरवून मग दिवे बदलणे ही नेहमी घडणारी चूक आहे, कारण त्यामुळे जुळवलेले रंग पुन्हा वेगळे दिसू लागतात.

टिकण्याचा भाग रंगद्रव्यावर आणि भिंतीवर अवलंबून असतो. लोखंडाच्या ऑक्साइडचे पिवळे, तांबडे आणि तपकिरी रंग ऊन व क्षार दोन्ही सहन करतात. गोव्यातल्या जुन्या देवळांवरील कावकामात तांबडी माती आणि चुना यांचाच मिलाफ आहे आणि इतक्या पावसाळ्यांनंतरही ते काम वाचता येते. चकचकीत तांबडे, जांभळे आणि काही पिवळे रंग सेंद्रिय रंगद्रव्यांचे असतात आणि त्यांतले अनेक उन्हात लवकर फिके पडतात. दारातून थेट ऊन येणाऱ्या भिंतीला मातकट छटा देण्यामागे हे कारण आहे. शिवाय फिक्या, कमी भडक रंगावर नंतर केलेली डागडुजी कमी उठून दिसते, गडद रंगावर ती लगेच दिसते. डब्यावरचा रंगाचा सांकेतिक क्रमांक आणि मिश्रणाचे लेबल जपून ठेवले तर पुढच्या वेळी तोच रंग मिळवणे सोपे जाते.

आपल्याकडे चवथीच्या आधी घर रंगवण्याची रीत आहे, पण श्रावणात चिऱ्याच्या भिंती पाण्याने भरलेल्या असतात. आत ओल असताना वर प्लॅस्टिक रंगाचा पातळ थर बसवला की वाफ अडते, रंगाला फुगे येतात, पापुद्रे सुटतात आणि भिंतीतले क्षार पांढऱ्या पिठासारखे बाहेर फुटतात. म्हणून फोंड्यातल्या या घराने काम एप्रिलमध्ये काढले. त्याआधी फूटभर चौकोनी पारदर्शक प्लॅस्टिक भिंतीला चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावून एक दिवस ठेवले. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतून येते आहे, बाहेरच्या बाजूला जमले तर ती हवेतली आहे. टीव्हीच्या भिंतीच्या तळाशी आतून थेंब दिसले, बाहेरच्या बाजूचे फुटके पन्हळ दुरुस्त करून घेतले आणि प्लॅस्टिक कोरडे राहू लागल्यावरच त्या भिंतीला पहिला हात दिला गेला.