कसीदा म्हणजे फक्त राजाची स्तुती?

‘कसीदा म्हणजे राजाची स्तुती. मग सुरुवातीला प्रेयसीसाठी रडणं कशाला?’

असा प्रश्न अनेकांना पडतो. कसीदा ही मूळची अरबी दीर्घ कविता; तिचं स्तुतीचं वळण पुढे दरबारांत रुळलं. इस्लामपूर्व अरबस्तानातला कवी बहुधा शेवटी स्वतःची आणि टोळीची फुशारकी मारतो. लबीद या अरबी कवीचा प्रसिद्ध कसीदा बघा. त्याची प्रेयसी नवार आणि तिची माणसं तळ हलवून गेली आहेत. पुराच्या पाण्यानं जुन्या खुणा उघड्या पडल्यात, पुसट अक्षरं पुन्हा गिरवावीत तशा. तो तिथल्या मुक्या दगडांनाच विचारत बसतो. हा विलाप म्हणजे ‘नसीब’. आपल्या नशिबाशी त्याचा संबंध नाही.

मग तो ठरवतो, तुटलं ते तुटलं, आणि सांडणीवर निघतो. तिला उपमा कुणाची, तर पाडस हरवलेल्या रानगाईची. ती रात्रभर पावसात भिजते आणि सकाळी शिकारी कुत्र्यांना शिंगावर घेते. मला हाच भाग सर्वांत सुंदर वाटतो. एवढं सोसून पुढे गेलेला माणूसच मग सांगतो की दुष्काळात गरिबांना आम्ही जेवू घालतो.

विलाप, प्रवास, फुशारकी हा साचाही सक्तीचा नव्हता. इस्लामपूर्व कवी इम्रुल कैसचा गाजलेला कसीदा फुशारकीवर नाही, वादळी पावसावर संपतो.