विहिरीत पावडर किती टाकायची, हे पाणीच सांगतं

जुलै उजाडला, नद्या पात्राबाहेर आल्या की मोबाइलवर एक संदेश फिरायला लागतो: पाणी वीस मिनिटं उकळा. कुणी दहा म्हणतं, कुणी पाणी आटून अर्धं होईपर्यंत. ज्या घरात पुराचं पाणी शिरून गेलंय आणि पुढचा सिलिंडर कधी मिळेल याची खात्री नाही, त्या घराला हा सल्ला परवडत नाही. शिवाय त्याची गरजही नाही.

कॉलरा, विषमज्वर, हगवण यांचे जंतू ७० अंशांच्या आसपासच मिनिटभरात मरू लागतात. काविळीचा, म्हणजे हिपॅटायटिस ए चा विषाणू जरा चिवट, पण ८५ अंशांना मिनिटभरात तोही संपतो. आता पातेलं गॅसवर ठेवल्यावर काय होतं ते बघा. दहा लिटर पाणी ७० अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला घरच्या शेगडीला काही मिनिटं सहज लागतात. उकळी फुटते तोवर जंतूंचा निकाल लागलेला असतो. म्हणून खळखळून उकळी आली की एक मिनिट पुरे. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या वर पाणी कमी तापमानाला उकळतं, म्हणून तिथे तीन मिनिटं सांगतात. आपल्याकडे कळसूबाईचं शिखरसुद्धा १६४६ मीटर आहे, तेव्हा महाबळेश्वरकरांनीही एकच मिनिट मोजावं. फक्त तळाशी चिकटलेले बारीक बुडबुडे दिसले की गॅस बंद करू नका. ती पाण्यात विरघळलेली हवा बाहेर पडत असते. सगळं पाणी खालून वर ढवळून निघालं पाहिजे.

दहा लिटर पाणी उकळीला आणायला साधारण सव्वाशे ग्रॅम गॅस जातो. पाच माणसांच्या घराला पिण्यापुरतं एवढं रोज जमेल. पण अख्ख्या वाडीचं काय? ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये कोल्हापुरात पाणी उपसणारी केंद्रंच पुरात बुडाली आणि पाण्याने वेढलेल्या शहराचे नळ कोरडे पडले. गावांत तर पूर ओसरल्यावर पहिली धाव विहिरीकडेच असते, आणि विहीर काही उकळता येत नाही. तिथे क्लोरिन लागतं. ग्रामपंचायतीच्या भाषेत टीसीएल पावडर.

प्रश्न येतो तो किती टाकायची याचा. पाठ्यपुस्तकातला आकडा हजार लिटरला अडीच ग्रॅम असा आहे. चांगली, म्हणजे वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकं क्लोरिन देणारी पावडर धरून, आणि बऱ्यापैकी स्वच्छ पाणी धरून. पुरानंतर यातलं दुसरं गृहीतक गाळात जातं. पहिलंही बऱ्याचदा जातं, कारण पोतं उघडं राहिलं आणि दमट हवा लागली की पावडरीतलं क्लोरिन उडून जातं आणि उरतो नुसता चुना.

क्लोरिन पाण्यात पडलं की ते थेट जंतूंकडे जात नाही. महिन्याचा पगार वाणी, दूधवाला आणि घरमालक यांच्यात वाटला गेल्यावर जे हातात उरतं तेवढंच आपलं, तसं इथे घडतं. पुराच्या पाण्यात कुजलेला पाला असतो, शेणामुताचा आणि गटाराचा अंश असतो, विरघळलेलं लोह असतं. ही सगळी मंडळी आधी क्लोरिन खातात. त्यातला सगळ्यात खादाड अमोनिया. त्याच्याशी क्लोरिनचा संयोग होऊन क्लोरामाइन नावाची संयुगं बनतात. तीही जंतू मारतात, पण फार सावकाश. आणखी क्लोरिन घालत गेलं की मात्र गंमत होते: वाढलेलं क्लोरिन या क्लोरामाइनलाच मोडून काढतं. म्हणजे मध्ये एक टप्पा असा येतो, की आपण पावडर वाढवतोय आणि पाण्यातलं शिल्लक क्लोरिन उलट कमी होतंय. हा खड्डा ओलांडल्यावर पुढे घातलेला प्रत्येक कण मुक्त क्लोरिन म्हणून उरायला लागतो. अमोनियातल्या एक भाग नायट्रोजनला पार करायला आठ ते दहा भाग क्लोरिन लागतं. म्हणून “उग्र वास येतोय, म्हणजे पावडर जास्त झाली” हा समज नेहमी खरा नसतो. खड्ड्याच्या अलीकडे अडकलेल्या पाण्याला क्लोरामाइनचा तसला वास येतो, आणि तिथे पावडर कमी पडलेली असते.

उरलेल्या क्लोरिनचंही दोन रूपांत वाटप होतं. एक हायपोक्लोरस आम्ल, ज्याच्या रेणूवर विद्युतभार नसतो. दुसरा त्याचाच हायपोक्लोराइट आयन, ऋण भाराचा. जंतूच्या पृष्ठभागावरही ऋण भारच असतो, त्यामुळे आयन बाहेरच ढकलला जातो. आम्लाचा रेणू मात्र आत घुसतो आणि जंतूची विकरं निकामी करतो. पाण्याचा सामू साडेसातच्या आसपास असेल तर दोघांची वाटणी निम्मी-निम्मी होते. साडेआठवर आम्ल जेमतेम दहाव्या हिश्शाला येतं. अर्धा तास थांबा असं सांगतात ते याचसाठी: काम करणारा रेणू थोडा असला, तर त्याला वेळ द्यावा लागतो.

रसायनशास्त्र नकोसं झालं असेल तर एवढंच धरून चला: किती टाकलं याला अर्थ नाही, अर्ध्या तासानंतर किती उरलं ते मोजायचं. ते मोजायची एक फार सुंदर पेटी आहे. विल्यम हॉरॉक्स या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने ती सैन्यासाठी तयार केली आणि ती आजही वैद्यकीय महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या हाती दिली जाते. ना वीज लागते, ना यंत्र.

पेटीत सहा पांढरे कप असतात, प्रत्येकी २०० मिलिलिटरचे, आणि एक काळा. काळ्या कपात एक सपाट चमचा, म्हणजे दोन ग्रॅम पावडर घ्यायची, थोड्या पाण्यात तिची लगदी करायची, मग आतल्या खुणेपर्यंत पाणी ओतून ढवळायचं आणि चुना खाली बसू द्यायचा. पांढऱ्या कपांत विहिरीचं पाणी. वरच्या निवळीचा एक थेंब पहिल्या कपात, दोन दुसऱ्यात, असं करत सहाव्यात सहा. प्रत्येक कपाला वेगळी काचकांडी. अर्धा तास थांबून प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडचे तीन थेंब टाकले की पहिले काही कप जसेच्या तसे राहतात आणि मग एका कपात निळा रंग उमटतो. त्याच्या अलीकडच्या कपांतलं क्लोरिन घाणीनेच खाल्लं. या कपात पहिल्यांदा काही उरलं. कपाचा जो क्रमांक, तितके चमचे पावडर दर ४५५ लिटरला. हा विचित्र आकडा म्हणजे शंभर गॅलन.

एक विहीर घेऊ. व्यास तीन मीटर, पाणी चार मीटर. व्यासाचा वर्ग गुणिले खोली गुणिले ०.७८५, म्हणजे सुमारे २८ घनमीटर, २८ हजार लिटर. पाठ्यपुस्तकी हिशोबाने ७० ग्रॅम पावडर झाली. पण समजा निळा रंग चौथ्या कपात आला. म्हणजे ४५५ लिटरला आठ ग्रॅम, आणि विहिरीला जवळजवळ अर्धा किलो. सातपट! ७० ग्रॅम टाकून “पावडर टाकली” अशी नोंद झाली असती, आणि पाण्यात काहीच उरलं नसतं. पेटीची आणखी एक खुबी: चाचणी त्याच पोत्यातल्या पावडरीने होते, त्यामुळे पावडर जुनाट असेल तर तेही या हिशोबात आपोआप धरलं जातं. सहाव्या कपातही निळं आलं नाही तर समजावं की आधी विहीर उपसायला हवी किंवा पोतं बदलायला हवं. पावडर कोरडी विहिरीत भिरकावू नये. बादलीत कालवून चुना बसू द्यावा, निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने पाण्यात सोडावी आणि वरखाली हिसडावी. हे काम रात्री केलं तर सकाळपर्यंत विहिरीला कुणी हात लावत नाही.

घरात याच तत्त्वाचं छोटं रूप म्हणजे क्लोरिनची गोळी. सोडियम डायक्लोरोआयसोसायन्युरेटच्या ६७ मिलिग्रॅमच्या गोळीने वीस लिटर स्वच्छ पाण्यात लिटरमागे साधारण दोन मिलिग्रॅम क्लोरिन मिळतं. पण एका लिटरची, पाच लिटरची अशाही गोळ्या असतात, त्यामुळे शेजारणीने सांगितलेला आकडा वापरू नका, पाकिटावर लिहिलेला वाचा. गढूळ पाण्यात गोळी टाकणं हा मात्र पैशांचा चुराडा. आधी सुती कापडाच्या चार घड्यांतून गाळा, तुरटीचा खडा थोडा वेळ फिरवा, गाळ बसू द्या, वरचं निवळ पाणी हलकेच दुसऱ्या भांड्यात काढा, आणि मग गोळी. तुरटीने पाणी आरशासारखं दिसतं, पण सगळे जंतू जात नाहीत. ती क्लोरिनची वाट मोकळी करते. तरीही थोडा गढूळपणा राहिला तर गोळ्या दुप्पट करतात. गोळी विरघळली की अर्धा तास झाकून ठेवायचं.

दोन गोष्टींपुढे गोळी हात टेकते. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी जाड कवचात बसलेला असतो आणि त्याला क्लोरिन पुरत नाही. उकळल्यावर मात्र तो मरतो. म्हणून तान्ह्या बाळासाठी आणि आजाऱ्यासाठी शक्य असेल तर उकळलेलंच पाणी द्यावं. दुसरी गोष्ट म्हणजे डिझेल आणि कीटकनाशकं. कृषी केंद्र बुडालेल्या गावात पाण्यावर तवंग किंवा औषधाचा वास असेल, तर ते उकळूनही पिऊ नका. उकळल्याने पाणी उडतं, कीटकनाशक बरंचसं मागे राहतं. तिथे टँकरला पर्याय नाही.

आता साठवण. इथे परंपरेचा अभिमान आडवा येतो. क्लोरिन घातलेलं पाणी तांब्या-पितळेच्या हंड्यात ओतलं की धातू क्लोरिन खातो. मातीच्या माठात ते भराभर उतरतं. वर तुळशीची पानं सोडली की पानंही आपला वाटा घेतात. तांब्यात जंतू मरतात हे खरं, पण त्याला कित्येक तास लागतात, आणि पुराच्या पाण्यावर भिस्त ठेवण्याइतकं ते काम भरवशाचं नाही. दोन उपाय एकत्र केले की दुप्पट शुद्धी होते असा हिशोब इथे चालत नाही; एक उपाय दुसऱ्याला खाऊन टाकतो.

अरुंद तोंडाचा झाकणाचा प्लास्टिकचा कॅन किंवा तोटी असलेली स्टीलची टाकी बरी. तोटी नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं, आणि तेही झाकणावर आडवं न ठेवता खुंटीला टांगलेलं. पेला बुडवणारा हात हाच इथला खरा पूर. उकळलेल्या पाण्याला तर काहीच संरक्षण उरलेलं नसतं, म्हणून ते ज्या पातेल्यात उकळलं त्यातच झाकून गार करा आणि शक्यतो त्याच दिवशी संपवा. क्लोरिनचं पाणी चोवीस तास धरून चालतं. वास नकोसा वाटला तर पिण्यापुरतं पाणी दोन भांड्यांत वरखाली ओता, अख्खा कॅन नव्हे.

क्लोरिन उरलंय की नाही हे बघायला जलसुरक्षकाकडे ओटी टेस्टची बाटली असते. नळीतल्या पाण्यात द्रावण टाकलं की पिवळा रंग येतो. तो पहिल्या दहा सेकंदांतच वाचायचा, कारण त्यानंतर क्लोरामाइनही रंगात भर घालू लागतं आणि पाणी आहे त्यापेक्षा सुरक्षित दिसतं. गोळी घातल्यावर अर्ध्या तासाने लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम आणि दुसऱ्या दिवशी कॅनच्या तळाशी ०.२ मिलिग्रॅम निघालं तर ठीक. सकाळी रंगच आला नाही, तर उरलेलं पाणी भांडी घासायला काढा, कॅन विसळा आणि नवी गोळी टाका.