अंड्याच्या टरफलातलं कॅल्शियम: ब्युरेटवरचे दोन आकडे

अंड्याच्या टरफलात ४२ टक्के कॅल्शियम सापडलं, असं कुणी सांगितलं तर वाद घालत बसू नये, चूक कुठे झाली तेवढी शोधावी. टरफल म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आणि अगदी शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटमध्येसुद्धा कॅल्शियम असतं ४०.०४ टक्के. टरफलात थोडी प्रथिनं असतात, थोडं मॅग्नेशियम असतं, चिमूटभर फॉस्फेट असतं. त्यामुळे खरं उत्तर ३७-३८ टक्क्यांच्या आसपास यायला हवं.

तरीही पुण्यातल्या कॉलेजांच्या रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये चाळिशीपलीकडचे आकडे अधूनमधून वहीत उतरतात. बहुतेक वेळा दोष नळाच्या पाण्याचा असतो. टायट्रेशनच्या आधी कॉनिकल फ्लास्कमध्ये थोडं पाणी घालतात, तिथे डिस्टिल्ड पाण्याची बाटली रिकामी असली की हात नळाकडे जातो. आपलं खडकवासल्याचं पाणी तसं मऊ, पण त्यातही कॅल्शियम-मॅग्नेशियम असतंच. समजा लिटरमागे ६० मिलिग्रॅम कठीणपणा आहे. तसलं ५० मि.लि. पाणी घातलं की ब्युरेटमधलं, कॅल्शियमला पकडणारं ईडीटीएचं द्रावण ३ मि.लि. जादा लागतं आणि उत्तर थेट ४३ टक्क्यांवर जातं. बोअरवेलचं पाणी घातलं तर विचारूच नका.

आता पद्धत. टरफल आतून नीट पाहिलं तर पातळ पांढरा पापुद्रा दिसतो. तो एक नसतो, दोन एकमेकांना चिकटलेले असतात, आणि ते प्रथिनांचे असतात. तो तसाच राहिला तर वजनात मोजला जातो पण कॅल्शियम काहीच देत नाही, म्हणून उत्तर एखाद्या टक्क्याने खाली येतं. टरफलं पाण्यात पाच-दहा मिनिटं उकळली की पापुद्रा बोटाने सोलून निघतो. मग टरफलं धुऊन १०५ अंशांवर ओव्हनमध्ये तासभर वाळवायची आणि खलात मैद्यासारखी बारीक करायची. इथे आळस केला तर मोठे कण आम्लात रेंगाळतात.

या पुडीतून ०.२५०० ग्रॅम तोलून बीकरमध्ये घ्यायची, चार थेंब अल्कोहोल टाकून ओली करायची आणि वरून १० मि.लि. एक मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल हळूहळू सोडायचं.

CaCO3 + 2HCl → CaCl2 + H2O + CO2

समीकरणात शेवटी दिसणारा तो कार्बन डायऑक्साइड प्रत्यक्षात फेस होऊन वर चढतो. टरफलातली प्रथिनं हा फेस धरून ठेवतात, अल्कोहोल तो मोडतं. बीकरवर वॉच ग्लास झाकायची आणि नंतर तिची खालची बाजू धुऊन ते पाणी बीकरमध्येच घ्यायचं, कारण उडालेल्या प्रत्येक बारीक थेंबात कॅल्शियम असतं. सल्फ्युरिक आम्ल वापरायचा मोह टाळावा. त्यात जिप्सम तयार होतं, ते कणांवर थर धरतं आणि काम मध्येच थांबतं.

विरघळून झाल्यावर तळाशी काही पिवळट पांढरे तुकडे तरंगताना दिसतात. ते न विरघळलेलं टरफल आहे की प्रथिनं, हे कळायला आम्लाचा आणखी एक थेंब टाकून पाहायचं. बुडबुडे आले तर अजून कार्बोनेट बाकी आहे. नाही आले तर ती प्रथिनं, गाळून टाकायची.

गाळण्याआधी द्रावण पाच मिनिटं मंद उकळून घ्यायचं. ही पायरी सगळ्यात जास्त गाळली जाते, आणि तिचा हिशेब पुढे चुकता करावा लागतो. मग गाळून, गाळणकागद धुऊन, सगळं २५० मि.लि.च्या व्हॉल्यूमेट्रिक फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत भरायचं आणि हलवून एकजीव करायचं.

ब्युरेटमध्ये ०.०१ मोलर ईडीटीए असतं. त्याच्या डायसोडियम क्षाराचे ३.७२ ग्रॅम लिटरभर पाण्यात. हा रेणू धातूच्या आयनाला सहा ठिकाणांहून, खेकड्याने नांगीत आवळावं तसा धरतो, आणि हिशेब नेहमी एकास एक: एका कॅल्शियमला एक ईडीटीए. झुरिकमधल्या गेरोल्ड श्वार्झेनबाख यांनी १९४५ च्या सुमारास याच गुणावर टायट्रेशनची पद्धत बसवली. त्याआधी कॅल्शियम मोजायचं म्हणजे ऑक्झलेटचा साका पाडा, गाळा, धुवा, पुन्हा विरघळवा, असा दिवसभराचा उद्योग होता.

पण ईडीटीए कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोघांनाही धरतं, म्हणून टायट्रेशन दोन वेळा, दोन वेगळ्या पीएचवर करायचं.

पहिलं पीएच १० वर. २५ मि.लि. द्रावण पिपेटने घ्यायचं, अमोनियाचा बफर घालायचा, इरिओक्रोम ब्लॅक टी टाकायचा. रंग येतो वाइनसारखा लाल. इथली गंमत अशी की या लाल रंगाचा खरा धनी कॅल्शियम नाही, मॅग्नेशियम आहे, कारण ते या रंगद्रव्याला जास्त घट्ट धरतं. उलट ईडीटीएची पहिली पसंती कॅल्शियमला. ते आधी सगळं कॅल्शियम उचलतं, मग मोकळं मॅग्नेशियम, आणि सरतेशेवटी रंगद्रव्याच्या हातातलं मॅग्नेशियम ओढून घेतं. त्या क्षणी लाल जाऊन निळा येतो. मध्ये थोडा वेळ जांभळट छटा असते, तिथे एकेक थेंबावर यायचं आणि लाल झाक पूर्ण जाईपर्यंत थांबायचं.

दुसरं पीएच १२ च्या वर. इथे सोडियम हायड्रॉक्साइड घातल्यावर मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड होऊन बाहेर पडतं आणि मोजणीतून बाद होतं. दर्शक पॅटन-रीडर, रंगबदल इथेही लाल ते निळा. बाहेर पडताना मॅग्नेशियम थोडं कॅल्शियमही सोबत ओढू शकतं, म्हणून पहिल्या रीडिंगवरून अंदाज घेऊन २० मि.लि. ईडीटीए आधीच सोडावं आणि मगच अल्कली घालावा. बरंचसं कॅल्शियम तोवर सुरक्षित झालेलं असतं.

न उकळण्याची किंमत याच ठिकाणी मोजावी लागते. द्रावणात कार्बन डायऑक्साइड शिल्लक असेल तर अल्कली पडताच त्याचं कार्बोनेट होतं आणि कॅल्शियम पुन्हा डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांच्या रूपात कार्बोनेट बनून बसतं. जे आम्लाने सोडवलं, ते आपणच परत बांधतो. याची खूण पक्की आहे: एन्ड पॉइंट आला, निळा झाला, रीडिंग लिहायला वही उघडली, आणि वर पाहावं तो फ्लास्क परत लाल. ते कण हळूहळू विरघळून कॅल्शियम सोडत असतात. जुन्या, झाकण सैल राहिलेल्या सोडियम हायड्रॉक्साइडमुळेही हेच होतं, कारण ते हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून बसलेलं असतं. अशा वेळी रंगाच्या मागे थेंब टाकत न बसता तो फ्लास्क ओतून द्यावा आणि मूळ द्रावण उकळून नव्याने सुरुवात करावी.

एक हिशेब करून पाहू. पीएच १० वर सीबीआर, म्हणजे ब्युरेटचं पुन्हा पुन्हा तेच येणारं रीडिंग, आला २३.९ मि.लि., पीएच १२ च्या वर २३.५ मि.लि. ०.०१ मोलर ईडीटीएचा प्रत्येक मि.लि. ०.४००८ मिलिग्रॅम कॅल्शियम धरतो. २३.५ ला त्याने गुणलं की ९.४२ मिलिग्रॅम. हे २५ मि.लि.मधलं, २५० मि.लि.मध्ये ९४.२ मिलिग्रॅम. टरफल घेतलं होतं २५० मिलिग्रॅम. म्हणजे कॅल्शियम ३७.७ टक्के.

दोन रीडिंगमधला ०.४ मि.लि.चा फरक मॅग्नेशियमचा. त्याचा हिशेब साधारण ०.४ टक्का येतो. पण या आकड्यावर फार विसंबू नये. प्रत्येक रीडिंगमध्ये ०.०५ मि.लि. इकडेतिकडे होणारच. २३.५ मध्ये ती चूक किरकोळ, ०.४ मध्ये मात्र चांगली पाव भाग होऊ शकते.

हेच ३७.७ टक्के कार्बोनेटच्या रूपात मांडलं तर ९४.१ टक्के कॅल्शियम कार्बोनेट होतं, आणि रिपोर्टमध्ये बहुतेकजण तेच लिहितात. माझ्या मते कॅल्शियमचा आकडा लिहावा आणि तिथेच थांबावं. कॅल्शियम आधी कार्बोनेटला जोडलेलं होतं की फॉस्फेटला, हे ईडीटीए विचारत नाही. आपण मोजलं कॅल्शियम, कार्बोनेट हा तर्क आहे.

एका विद्यार्थिनीने मे महिन्यातली अंडी आणि डिसेंबरमधली अंडी घेऊन हा प्रयोग केला होता. मे महिन्यातली टरफलं हातात घेताच तडकत होती, तरी दोन्हीकडे टक्केवारी जवळपास सारखीच आली. "मॅडम, मग प्रयोग फसला ना?" तिचं तोंड पडलं होतं. प्रयोग फसला नव्हता. पुण्याचा उन्हाळा चाळिशीला टेकला की कोंबडी तोंड उघडून धापा टाकते, त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, शिवाय ती खातेही कमी. टरफल बांधायचा माल कमी पडतो आणि टरफल पातळ होतं. पण पातळ झालं तरी असतं त्याच पदार्थाचं, म्हणून टक्के हलत नाहीत. हलतं ते वजन. समजा हिवाळ्यातलं कोरडं टरफल ५.८ ग्रॅमचं आणि उन्हाळ्यातलं ४.९ ग्रॅमचं. ३७.७ टक्क्यांनी पहिल्यात कॅल्शियम २.१९ ग्रॅम, दुसऱ्यात १.८५ ग्रॅम. टरफलाची मजबुती पाहायची असेल तर तराजू आणि स्क्रू गेज जास्त उपयोगाचे.

टक्केवारीला खरी धार येते ती खुराड्याच्या दुसऱ्या टोकाला, खाद्यात घालायच्या ग्रिटमध्ये. चुनखडीचा किंवा शिंपल्यांचा चुरा म्हणून आलेल्या पोत्यात वाळू असेल तर ती आम्लात विरघळत नाही, बीकरच्या तळाशी बसते, आणि कॅल्शियमचा आकडा तेवढा खाली येतो. चुनखडीच्या जागी डोलोमाइट आला असेल तर तळाशी फारसं काही दिसत नाही, सगळं विरघळतं. तिथे दोन पीएचची रीडिंग्ज बोलतात: शुद्ध डोलोमाइटमध्ये पीएच १० चं रीडिंग दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट निघतं.