जर्नल क्लब: सारांशाची सवय आली कुठून?

आपल्याकडच्या बहुतेक विभागांत जर्नल क्लबचा क्रम ठरलेला असतो. शीर्षक, लेखकांची नावं, प्रस्तावना, पद्धत, निष्कर्ष, मग आभाराची स्लाइड आणि शेवटी उरलेल्या पाच मिनिटांत शंका. पेपरमध्ये काय आहे ते तासाभरात सगळ्यांना कळतं. त्यावर विश्वास किती ठेवावा, हा प्रश्न मात्र बहुतेक वेळा निघतच नाही. याचा दोष नवख्या संशोधक विद्यार्थ्यांना दिला जातो, पण मला तो अन्याय वाटतो. ही प्रथा मुळात निराळ्या गरजेतून जन्मली आणि त्या गरजेचा ठसा तिच्यावर अजून आहे.

ती गरज होती अंक हाती पडण्याची. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात 1830च्या दशकात शिकणारे जेम्स पॅजेट आपल्या आठवणींत एका खोलीबद्दल लिहितात. रुग्णालयाच्या फाटकाजवळच्या बेकरीवर ती खोली होती. काही विद्यार्थी तिथे बसून नियतकालिकं वाचत, आणि संध्याकाळी काहीजण पत्तेही खेळत. पुढे 1875 मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात विल्यम ऑस्लर यांनी रीतसर जर्नल क्लब काढला. त्याचा हेतू अगदी व्यवहारी होता: एकट्याला न परवडणारी नियतकालिकं सगळ्यांनी मिळून घ्यायची आणि फिरवायची. 1889 मध्ये ऑस्लर बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सला गेले, तेव्हा त्यांनी तिथेही असा क्लब सुरू केला. अंक एकच आणि वाचणारे अनेक असतील तर एकाने वाचून बाकीच्यांना सांगणं हेच मोठं काम असतं. अशा ठिकाणी उत्तम सारांश सांगणारा हाच उत्तम सादरकर्ता ठरतो.

भारतात ही टंचाई फार काळ टिकली. परदेशी नियतकालिकांची वर्गणी मोजक्याच ग्रंथालयांना झेपायची. पेपर हवा असेल तर लेखकाला छापील पोस्टकार्ड पाठवून प्रत मागवायची आणि आठवडेच्या आठवडे वाट बघायची, हे आपल्या आधीच्या पिढीतल्या अनेक संशोधकांनी केलं आहे. इतक्या कष्टाने मिळालेल्या पेपरात खोट काढायला कोण धजावणार? तो नीट समजून घेणं आणि इतरांपर्यंत पोचवणं, इथेच जर्नल क्लबचं काम संपायचं.

प्रश्नांचा रोख बदलला तो कॅनडातल्याच हॅमिल्टनमध्ये. मॅकमास्टर विद्यापीठात डेव्हिड सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 मध्ये कॅनडाच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात, वैद्यकीय पेपर कसे वाचावेत यावर लेखमाला लिहिली. तोवर अंकांची टंचाई मागे पडून उलटीच अडचण उभी राहिली होती. वाचायला इतकं होतं की काय बाजूला ठेवायचं हे ठरवणं भाग होतं. त्याच परंपरेत 1993 पासून 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मालेने वाचकाच्या हाती तीन प्रश्न दिले. निष्कर्ष विश्वासार्ह आहेत का? ते नेमके काय आहेत? आणि माझ्या रुग्णाला त्यांचा उपयोग आहे का? यातला क्रम महत्त्वाचा आहे. निष्कर्ष काय, हा प्रश्न दुसरा येतो. आपल्या स्लाइडच्या क्रमात पहिला प्रश्न गळालेला असतो.

हे प्रश्न लावून पाहायला मी नवख्यांना 'आयसिस-2' सुचवतो. हा पेपर ऑगस्ट 1988 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. हृदयविकाराचा झटका आल्याचा संशय असलेले 17,187 रुग्ण 417 रुग्णालयांतून घेतले होते. कोणाला खरं ॲस्पिरिन आणि कोणाला तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी द्यायची, हे यदृच्छेने ठरलं होतं. (स्ट्रेप्टोकायनेज या औषधाचीही चाचणी त्यातच होती, ती इथे बाजूला ठेवू.) पाच आठवड्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणाने ॲस्पिरिनच्या गटात 8,587 पैकी 804 आणि दुसऱ्या गटात 8,600 पैकी 1,016 जण दगावले.

पेपरच्या सारांशात घट 23 टक्के दिली आहे. सादर करणाऱ्याने तो आकडा स्लाइडवर उतरवण्याआधी स्वतः भागाकार करावा. मृत्यूचं प्रमाण 11.8 टक्क्यांवरून 9.4 टक्क्यांवर आलं, म्हणजे घट सुमारे 21 टक्के भरते. मग 23 कुठून आले? लेखकांनी दगावलेल्यांचं वाचलेल्यांशी गुणोत्तर घेऊन तुलना केली आहे, आणि ती पद्धत रास्तच आहे. पण '23 टक्के मृत्यू कमी झाले' असं वाक्य बोललं की ते चुकतं. रुग्णाशेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरला तर तिसराच आकडा कामाचा: हजार रुग्णांना ॲस्पिरिन दिलं तर सुमारे 24 मृत्यू टळतात. मूळ तक्त्यापर्यंत गेल्याशिवाय या तीन आकड्यांतला फरक कोणालाच दिसत नाही.

याच पेपरात लेखकांनी रुग्णांची त्यांच्या जन्मराशींनुसारही वर्गवारी दिली. ही पाश्चात्त्य पद्धतीची सूर्यरास, जन्मतारखेवरून ठरणारी. मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांत ॲस्पिरिन घेणारेच किंचित जास्त दगावले, 11.1 टक्के विरुद्ध 10.2 टक्के. बाकीच्या राशींना मात्र घसघशीत फायदा दिसला. लेखकांना दाखवायचं होतं ते हेच, की एकूण निष्कर्ष कितीही भक्कम असला तरी रुग्णांचे पुरेसे तुकडे पाडले की एखाद्या तुकड्यात योगायोगाने उलटं चित्र दिसणारच. राशीचं नाव ऐकून सगळे हसतात. पण 'साठीच्या पुढच्या स्त्रियांत औषध लागू पडत नाही' असा तुकडा आला की तेच श्रोते मान डोलावतात, कारण तो पटण्यासारखा वाटतो. अशा वेळी तीन गोष्टी तपासायच्या. हा गट माहिती गोळा करण्याआधी ठरला होता का? असे एकूण किती गट पाडले? आणि दोन गटांतल्या परिणामांची एकमेकांशी थेट तुलना केली आहे, की एका गटात फरक ठळक दिसला आणि दुसऱ्यात नाही, एवढ्यावरच भागवलं आहे? शेवटची चूक मला छापील पेपरांत सर्वांत जास्त आढळते.

पेपर पारखून वाचण्याच्या या चळवळीतून पुढे तपासयाद्या आल्या आणि त्यांची मर्यादाही लवकरच दिसली. औषधांच्या चाचणीसाठी केलेली यादी पेशीजीवशास्त्राच्या पेपरला लावून काही हाती लागत नाही. तिथे एकेक आकृती उघडून बसावं लागतं: तुलनेसाठीचा नमुना कुठे आहे, तो त्याच जेलवर चालवला होता का, एकच छायाचित्र दोन ठिकाणी तर आलेलं नाही? जानेवारी 2014 मध्ये 'नेचर'ने जपानमधल्या संशोधकांचे 'स्टॅप' पेशींवरचे, म्हणजे साध्या पेशींना ताण देऊन मूलपेशींसारख्या पेशी बनवल्याचा दावा करणारे, पेपर छापले. परीक्षकांच्या हाताखालून गेलेल्या त्या पेपरांतली जोडलेली जेलपट्टी आणि पुन्हा वापरलेली छायाचित्रं काही आठवड्यांतच वाचकांनी हेरली. जुलैमध्ये पेपर मागे घेतले गेले.

आपल्याकडे 2009 च्या यूजीसी नियमांनी पीएचडीला कोर्सवर्क सक्तीचं केलं आणि त्यात प्रकाशित संशोधनाचा आढावा घेता येईल असंही म्हटलं. त्या आढाव्याचे गुण बऱ्याच ठिकाणी अजून सारांशालाच मिळतात, आणि ज्याला गुण मिळतात तेच विद्यार्थी करतात. आता पेपरची पीडीएफ आठवडाभर आधी प्रत्येकाच्या फोनवर पोचलेली असते. त्यामुळे सारांशाला पाच मिनिटं पुरतात. उरलेला वेळ निष्कर्ष ज्यावर उभा आहे त्या एका तक्त्याला किंवा आकृतीला द्यावा. तो तक्ता लेखकांचा मजकूर झाकून पडद्यावर ठेवावा आणि यातून काय निघतं ते आधी श्रोत्यांना सांगू द्यावं. त्यांचं उत्तर आणि लेखकांचा दावा जिथे जुळत नाही, तिथून चर्चा सुरू होते.