‘धन्यवाद’ लिहिल्यावर चित्राचे काय होते?

समजा, एखाद्याने रोपाच्या पानाचा फोटो चॅटमध्ये टाकला आणि पान पिवळे का पडले असावे, असे विचारले. एआय साधनाने उत्तर दिले की पानाच्या शिरा हिरव्या असून मधला भाग पिवळा आहे. हे लक्षण कोवळ्या पानांवर असेल तर लोहाची आणि जुन्या पानांवर असेल तर मॅग्नेशियमची कमतरता असू शकते. त्यावर विचारणाऱ्याने ‘धन्यवाद, कळले’ एवढेच लिहिले. आता एका ओळीचे उत्तर येऊन संवाद संपू शकतो किंवा साधन त्याच पानाचे पुन्हा सविस्तर वर्णन करू लागते आणि पहिल्या उत्तरात नसलेला, कदाचित फोटोतही नसलेला, एखादा तपकिरी ठिपका त्यात येतो.

हे दुसरे वळण का लागते, हे समजण्यासाठी त्या क्षणी साधनामागच्या मॉडेलपुढे नेमके काय असते ते पाहावे लागते. चित्र पाहून मजकुरात उत्तर देणाऱ्या २०२३ मधील लाव्हा-१.५ या मॉडेलमध्ये चित्र ३३६ × ३३६ पिक्सेलचे करून त्याचे १४ × १४ पिक्सेलचे चौकोनी तुकडे पाडले जातात. प्रत्येक बाजूला २४, म्हणजे एकूण ५७६ तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा अंकांच्या एका मालिकेत बदलून शब्दांच्या रांगेत बसवला जातो. त्यामागे प्रश्न, मग उत्तर आणि सर्वांत शेवटी आभाराचे दोन शब्द येतात. पुढचा शब्द या सगळ्या रांगेवरून ठरतो. त्यामुळे आभार मानले तरी चित्र मॉडेलच्या नजरेआड होत नाही. मनुष्य अशा वेळी मान हलवून गप्प राहू शकतो, पण चॅटची रचनाच अशी असते की माणसाच्या प्रत्येक संदेशानंतर उत्तराची पाळी येते. मॉडेलच्या हाती एवढेच असते की ते उत्तर किती लवकर थांबवायचे. त्यासाठी ते ‘समाप्ती’ दर्शवणारे एक विशेष चिन्ह निवडते, आणि हे चिन्ह केव्हा निवडायचे ते प्रशिक्षणातून शिकते.

माझ्या मते खरी अडचण या प्रशिक्षणातच आहे. लाव्हाच्या पहिल्या आवृत्तीसाठी चित्रांवर आधारित सुमारे १,५८,००० नमुने तयार केले गेले होते. त्यांत चित्राविषयीची प्रश्नोत्तरे, सविस्तर वर्णने आणि तर्क करायला लावणारे प्रश्न होते. अशा सामग्रीत माणसाचे जवळजवळ प्रत्येक वाक्य चित्राविषयी काहीतरी मागत असते, आभार मानून थांबत नसते. केवळ त्यावर घडलेल्या मॉडेलला ‘धन्यवाद’ हीसुद्धा एक मागणी वाटली, तर आश्चर्य नाही. शिवाय वर्णन जसजसे लांबते, तसतशी चित्रात नसलेली गोष्ट त्यात शिरण्याची शक्यता वाढते. म्हणून आभारानंतरच्या उत्तरात नवा तपशील आला, तर तो मूळ फोटोशी ताडून पाहिल्याशिवाय स्वीकारू नये.

नैसर्गिक समारोप कसा असतो, याचा अभ्यास अशा एआय साधनांच्या बराच आधी माणसांच्या बोलण्यावरून झाला आहे. इमॅन्युएल शेग्लॉफ आणि हार्वे सॅक्स या समाजशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये दाखवले की संभाषण आपोआप संपत नाही, ते दोघे मिळून संपवतात: एकजण आपल्याकडे आता सांगण्यासारखे काही उरले नसल्याचे सुचवतो, दुसराही तसेच सुचवतो आणि मगच निरोप घेतला जातो. ‘धन्यवाद, कळले’ हे बहुधा असेच सुचवणे असते. त्याला साजेसे उत्तर म्हणजे आभारांचा स्वीकार आणि फार तर रोपाला उद्देशून एखादी सदिच्छा. ‘आणखी काही सांगू का?’ हा प्रश्न नम्र वाटतो खरा. पण प्रश्नाला उत्तर अपेक्षित असल्याने मिटत आलेला संवाद त्यामुळे पुन्हा उघडतो. तो नसलेलाच बरा.

मात्र प्रत्येक आभार हा निरोप नसतो. त्याच माणसाने ‘धन्यवाद, पिवळी पाने सगळी खालची जुनीच आहेत, आता लोहाचे खत घालतो’ असे लिहिले असते, तर दोन शब्दांत निरोप घेणे चुकीचे ठरले असते. लोह झाडात सहज हलत नाही, म्हणून त्याची उणीव आधी कोवळ्या पानांवर दिसते. मॅग्नेशियम मात्र जुन्या पानांतून नव्या पानांकडे नेले जाते. येथे ही विसंगती सांगूनच थांबायला हवे. साधनाची पारख अशाच ठिकाणी होते: आभारांच्या वाक्यात नवी माहिती किंवा चुकीचा निर्णय आहे का, हे त्याने ओळखले पाहिजे.

माणसाने आभार मानले नाहीत, तरी काही अडत नाही. दोन संदेशांच्या मधल्या काळात मॉडेल त्या संवादावर कोणतेही काम करत नसते, त्यामुळे खिडकी तशीच बंद केली तरी ते कशाची वाट पाहत राहत नाही. दुसऱ्या रोपाविषयी विचारायचे असेल, तर मात्र त्याच चॅटमध्ये पुढे लिहिण्यापेक्षा नवी चॅट सुरू करणे चांगले. जुन्या चॅटमध्ये पहिल्या पानाचे तुकडे आणि त्यावरील निदान रांगेत तसेच राहतात आणि नव्या पानाच्या उत्तरात मिसळू शकतात.