बग बॅशचे गुणपत्रक असे का झाले: पार्श्वभूमी

हळदीचा नवा हंगाम सुरू होण्यापूर्वी आमच्या सांगलीतील आडत-हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी दुसरा बग बॅश, म्हणजे अनेकांनी एकत्र बसून चुका शोधण्याची बैठक, घ्यायचा आहे. त्याच्या गुणपत्रकात एकाच चुकीच्या दोन नोंदींसाठी जो काहीसा किचकट नियम आहे, तो कोठून आला हे सांगण्यासाठी ही नोंद आहे.

चूक शोधणाऱ्याला मोबदला देण्याची कल्पना जुनी आहे. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ आपल्या पुस्तकातील प्रत्येक चुकीसाठी 2.56 डॉलरचा धनादेश देत, पण तो ती चूक सर्वप्रथम कळवणाऱ्यालाच मिळे. ऑक्टोबर 1995 मध्ये नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरच्या चाचणी आवृत्तीतील दोष शोधणाऱ्यांना बक्षिसे जाहीर केली. पुढे 1998 मध्ये त्याच वर्तुळातून आलेल्या बगझिला या दोषनोंदीच्या प्रणालीत पुनरावृत्त नोंदीसाठी DUPLICATE असा स्वतंत्र शेरा आला. मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते: नोंद पुनरावृत्त ठरली, तरी ती करणाऱ्याचे नाव मूळ नोंदीला जोडले जाते आणि पुढे काय झाले ते त्यालाही कळत राहते.

‘पहिल्यालाच मोबदला’ हा नियम वर्षानुवर्षे, दूरदूर विखुरलेल्या वाचकांसाठी योग्य होता. एकाच खोलीत दोन तास बसलेल्या चौदा माणसांसाठी तो योग्य नाही, हे आम्हाला पहिल्या बॅशमध्ये कळले. त्या चौदा जणांत दिवाणजी, तोलाईचा हिशेब ठेवणारे, दोन वाणिज्य शाखेचे विद्यार्थी आणि आमच्याच कार्यालयातील लेखापाल होते. टेस्टर एकही नव्हता. ‘सगळे तपासा’ एवढेच सांगितल्यामुळे निम्मे लोक पासवर्ड बदलण्याच्या पडद्यावरच रमले. प्रत्येक नोंदीला एक गुण असल्याने पहिला क्रमांक आला तो काना-मात्रेच्या चुकांच्या अकरा वेगवेगळ्या नोंदी करणाऱ्या विद्यार्थ्याचा. त्याची चूक काहीच नव्हती. आम्ही जे मोजले, ते त्याने दिले.

खरी चूक मात्र दिवाणजींच्या हाती लागली होती. वजनाच्या चौकटीत क्विंटल अपेक्षित होते, पण तसे कोठेही लिहिलेले नव्हते. त्यांनी सवयीने 1250 किलोसाठी ‘1250’ लिहिले. क्विंटलला 14,000 रुपये दराने शेतकऱ्याची पट्टी 1,75,000 रुपयांची व्हायला हवी होती, ती 1,75,00,000 रुपयांची झाली. “आमच्यात वजन किलोतच बोलत्यात,” एवढेच ते म्हणाले. आमच्यापैकी कोणालाही हे सुचले नसते, कारण चौकट आम्हीच बनवली होती.

हीच चूक आणखी पाचजणांना दिसली, पण प्रत्येकाला वेगळ्या रूपात: कोणाला हमाली अवाच्या सवा लागली, कोणाच्या पट्टीत रक्कम रकान्याबाहेर गेली, तर कोणाचा साठा उणे झाला. वरवर पाहता त्या सहा चुका होत्या, मुळात एकच. याउलट ‘पट्टी छापली जात नाही’ अशा शब्दशः सारख्या दोन नोंदी आम्ही घाईने एकत्र केल्या आणि एक चूक तशीच राहिली. एकीचे कारण कागदाचा आकार होते, दुसरीचे शेतकऱ्याचे लांबलचक नाव. पुनरावृत्ती ठरवायची ती शब्दांवरून नव्हे, तर एक दुरुस्ती केल्यावर दुसरी तक्रार नाहीशी होते का यावरून.

त्यामुळे आता व्याप्ती तीन कामांपुरती आहे: वजनाची नोंद, सौद्याची नोंद आणि पट्टी. सहभागी फक्त काय केले, काय अपेक्षित होते, काय दिसले आणि किती वाजता, एवढेच लिहितील व पडद्याचा फोटो जोडतील. तीव्रता, मूळ नोंदीचा क्रमांक आणि गुण हे रकाने छाननी करणारे दोघे भरतील. पैशाचा आकडा चुकल्यास 5, काम अडल्यास 3, दिसण्यातील दोषास 1 गुण. आणि त्याच पायऱ्यांनी चूक पुन्हा घडवता आली, तर आणखी 1. पहिल्या नोंदीला पूर्ण गुण मिळतील, वेगळ्या वाटेने त्याच चुकीपर्यंत पोहोचणाऱ्यास निम्मे, आणि केवळ तीच वाट पुन्हा चालणाऱ्यास शून्य. मूळ नोंद म्हणून मात्र सर्वांत आधीची नव्हे, तर सर्वांत स्पष्ट पायऱ्या असलेली ठेवायची. गुणांचा मान वेगळा, दुरुस्ती करणाऱ्याची सोय वेगळी.

सापडलेल्या चुका दर वीस मिनिटांनी मोठ्याने वाचून दाखवल्या, तर पुनरावृत्ती घटते, हे खरे. पण मग सगळे त्याच दिशेला वळतात. म्हणून पहिला तास काहीही वाचून दाखवायचे नाही, असे ठरले आहे. एकाच वेळी अनेक दुकानांतून नोंदी आल्यावर काय होते, हे या बैठकीत कळणार नाही. त्याची चाचणी स्वतंत्रपणे होईल.